नियम नऊ आणि दहा: फुटबॉल आणि रग्बीची फारकत

प्रश्न: रग्बी शाळेतला वेब एलिस नावाचा मुलगा फुटबॉल खेळता खेळता बॉल हातात घेऊन पळाला आणि त्यातून रग्बी जन्माला आली, असं लहानपणापासून ऐकत आलोय. पण फुटबॉलचे नियम तर त्यानंतर चाळीस वर्षांनी लिहिले म्हणतात. मग त्याने मोडला तो नियम कुठला? हे दोन खेळ नेमके कशावरून वेगळे झाले, बॉल हातात घेण्यावरून की आणखी कशावरून?

उत्तर: तुमची शंका बरोबर जागी बोट ठेवते. १८२३ साली मोडण्यासारखा लेखी नियम नव्हताच. वेब एलिसची गोष्ट पहिल्यांदा छापली गेली १८७६ मध्ये, म्हणजे एलिस वारल्यानंतर चार वर्षांनी. सांगणारे मॅथ्यू ब्लॉक्सम हे त्याच शाळेचे माजी विद्यार्थी, पण ज्या प्रसंगाबद्दल ते लिहितात तो त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता. पुढे १८९५ मध्ये शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने रीतसर चौकशी केली, म्हाताऱ्या माणसांना पत्रं पाठवून विचारलं. एकही प्रत्यक्षदर्शी सापडला नाही. तरी शाळेच्या भिंतीवर शिळा बसली, आणि एकदा दगडावर कोरलेलं कोण पुसणार?

त्या चौकशीत एक उत्तर मात्र फार मोलाचं आलं. १८३४ मध्ये शाळेत दाखल झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने कळवलं की त्याच्या पहिल्या वर्षी बॉल घेऊन धावायला पूर्ण बंदी होती असं नाही, पण तसं धावताना एखादा मुलगा मेला असता तर त्या काळच्या रग्बीच्या पोरांनी ‘मारणाऱ्याचं बरोबर होतं’ असाच निकाल दिला असता. बॉल घेऊन धावणं आणि धावणाऱ्याला वाटेल तसं आडवं करणं या एकाच सौद्याच्या दोन बाजू होत्या, हे या वाक्यातून कळतं. ते धरून ठेवा, कारण १८६३ मधला सगळा तंटा याच सौद्याचा आहे.

मी पंचवीस वर्षं फुटबॉलचा पंच होतो आणि आता नव्या पंचांचे वर्ग घेतो. पहिल्या दिवशी मी मुलांना एक कागद देतो. त्यावर १८६३ चे तेरा नियम असतात, पण खेळाचं नाव झाकलेलं असतं. हा खेळ कोणता, असं विचारलं की बहुतेक हात ‘रग्बी’ म्हणून वर जातात. त्या कागदापर्यंत कसं पोचलो ते आधी सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या प्रत्येक मोठ्या निवासी शाळेचा स्वतःचा फुटबॉल होता. आपल्याकडे एका गल्लीत एक टप्पा आउट चालतं आणि पलीकडच्या गल्लीत भिंतीला लागलेला कॅच धरतात, त्यातलाच प्रकार. नियम जागेने ठरवले. लंडनमधल्या चार्टरहाउसची मुलं जुन्या मठाच्या फरसबंद ओवऱ्यांत खेळायची. दगडावर अंगावर पडून घेण्यात कुणाला हौस, म्हणून तिथे पायाने बॉल ढकलत नेण्याचं कौशल्य वाढलं. रग्बी शाळेला मोठं हिरवळीचं मैदान होतं, तिथे एकमेकांना लोळवणं परवडत होतं. ईटनमध्ये एका लांबलचक भिंतीला चिकटून खेळायचा वेगळाच खेळ होता, तो आजही खेळतात.

रग्बी शाळेने आपले नियम सगळ्यांच्या आधी छापले. १८४५ च्या ऑगस्टमध्ये तीन विद्यार्थ्यांनी ते लिहून काढले आणि वरच्या वर्गांतल्या मुलांनी मंजूर केले. मास्तरांचा त्यात हात नव्हता. ३७ नियमांची ती चिमुकली पुस्तिका वाचताना मजा येते, कारण हा कायदा परक्यांसाठी लिहिलेलाच नाही. खेळ कसा खेळायचा हे त्यात कुठेच सांगितलेलं नाही, ते सगळ्यांना ठाऊकच आहे. जिथे भांडणं व्हायची तेवढ्याच जागा नोंदवल्या आहेत. मैदानात झाडं होती, म्हणून बॉल झाडाला लागला तर काय करायचं याचा नियम आहे. सामना पाच दिवसांनी अनिर्णित मानायचा, आणि एकही गोल झालेला नसेल तर तिसऱ्याच दिवशी आटोपायचा, असाही आहे. वाद झाला तर दोन्ही बाजूंचे कप्तान किंवा त्यांचे दोन प्रतिनिधी निवाडा करतील, बाहेरचा पंच नाही.

त्यातले दोन नियम आपल्या कामाचे. एक, बॉल घेऊन धावता येईल, मात्र तो जमिनीवरून उचललेला नसावा. म्हणजे हवेतला किंवा उसळलेला झेलून पळा, पण पडलेला उचलू नका. ही पद्धत तिथे १८३० च्या दशकाच्या अखेरीस जेम मॅकी नावाच्या दांडग्या मुलामुळे लोकप्रिय झाली आणि १८४१-४२ च्या सुमारास मान्य झाली. एलिसच्या शिळेवर खरं तर मॅकीचा हक्क जास्त. दुसरा नियम हॅकिंगचा. हॅकिंग म्हणजे समोरच्याच्या नडगीवर बुटाने लाथ घालणं. रग्बीच्या मुलांनी त्यावर बंदी घातलेली नाही, मर्यादा घातली आहे: टाचेने मारायचं नाही आणि गुडघ्याच्या वर मारायचं नाही. शिवाय बुटाच्या तळाला पुढे आलेले खिळे किंवा लोखंडी पट्ट्या नकोत. नियम असा लिहावा लागला याचा अर्थ कुणीतरी खिळे लावून येत होतं, हे वेगळं सांगायला नको. खेळांचे कायदे वाचताना मी मुलांना हेच शिकवतो, की प्रत्येक ‘करू नये’च्या मागे ते करणारा एक माणूस असतो.

शाळेत असेपर्यंत हे सगळं ठीक चालायचं. अडचण सुरू झाली ती ही मुलं विद्यापीठात एकत्र आल्यावर. केंब्रिजला १८४८ मध्ये वेगवेगळ्या शाळांच्या विद्यार्थ्यांनी बसून एक समाईक नियमावली केली. त्या मूळ कागदाची प्रत आज उपलब्ध नाही. १८५६ च्या सुमाराची केंब्रिज नियमांची एक प्रत श्रूझबरी शाळेत सापडली, तीच सगळ्यात जुनी. उत्तरेत शेफिल्डच्या क्लबने, जो १८५७ मध्ये स्थापन झाला, १८५८ मध्ये स्वतःचे वेगळे नियम केले. म्हणजे १८६० च्या आसपास ‘फुटबॉल’ म्हणजे काय, या प्रश्नाला गावागणिक उत्तर होतं. रेल्वेने दुसऱ्या गावी जाऊन सामना खेळणं सोपं झालं होतं, पण तिथे पोचल्यावर आधी कुणाच्या नियमांनी खेळायचं यावर घासाघीस व्हायची. कधी अर्धा वेळ यांचे नियम, अर्धा वेळ त्यांचे.

या घासाघिशीला कंटाळलेला एक वकील होता एबनेझर कॉब मॉर्ली. लंडनजवळच्या बार्न्स गावी त्याने क्लब काढला होता. तो स्वतः कुठल्या नामांकित शाळेतला नव्हता, आणि मला वाटतं म्हणूनच कुठल्याही एका शाळेच्या पद्धतीचा अभिमान त्याला आड आला नाही. त्याच्या पुढाकाराने सोमवार, २६ ऑक्टोबर १८६३ च्या संध्याकाळी लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये डझनभर क्लबांचे लोक जमले. फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. नो नेम्स क्लबचे आर्थर पेंबर अध्यक्ष, मॉर्ली सचिव आणि ब्लॅकहीथ क्लबचे फ्रान्सिस मॉल कॅम्बेल खजिनदार. वर्गणी वर्षाला एक गिनी. चार्टरहाउसचा कप्तान आला होता, पण आमची शाळा आत्ता बांधून घेणार नाही म्हणाला. बाकीच्या मोठ्या शाळांना पत्रं गेली, पण त्यांनी उत्साह दाखवला नाही.

डिसेंबरच्या ८ तारखेपर्यंत सहा बैठका झाल्या. मॉर्लीच्या हातची इतिवृत्ताची वही आजही आहे, आणि बैठकांच्या बातम्या तेव्हाच्या क्रीडा वृत्तपत्रांत सविस्तर छापून येत होत्या. त्यामुळे कोण काय बोललं ते आपल्याला बरंच नीट माहीत आहे.

नोव्हेंबरच्या २४ तारखेला जो मसुदा पुढे होता, त्यात २३ कलमं होती. नववं कलम असं: खेळाडूने बॉल थेट झेलला किंवा पहिल्या टप्प्यावर पकडला तर तो घेऊन त्याला प्रतिस्पर्ध्यांच्या गोलकडे धावता येईल, पण थेट झेलून त्याने फ्री किकसाठी जागेवर खूण केली तर मग धावता येणार नाही. दहावं कलम असं: जो कुणी असा बॉल घेऊन धावेल त्याला धडक देणं, धरणं, पाय घालून पाडणं, नडगीवर लाथ मारणं किंवा त्याच्या हातून बॉल हिसकावणं याची प्रतिपक्षाला मुभा राहील, मात्र एकाच वेळी धरून ठेवणं आणि लाथा मारणं चालणार नाही.

आता हे दोन नियम शेजारी ठेवून बघा. दहावा नवव्याच्या पोटातून आलेला आहे. बॉल पायाजवळ असेल तर तो काढून घ्यायला पाय पुरतो. बॉल छातीशी कवटाळून माणूस पळू लागला की पायाने काही करता येत नाही, माणसालाच थांबवावं लागतं. धावण्याची परवानगी द्यायची तर अडवण्याचं हत्यारही द्यावं लागणार. आणि अडवणं काढून टाकलं तर धावणाराला कोण थांबवणार? म्हणून ही दोन कलमं राहिली तर जोडीने राहणार होती आणि गेली तर जोडीनेच जाणार होती. बैठकीत सगळं बोलणं लाथांवर झालं, पण लाथांच्या मागे बॉल घेऊन धावण्याचा हक्क पणाला लागलेला होता.

याच दिवसांत केंब्रिजहून नवे नियम छापून आले. वेगवेगळ्या शाळांचे माजी विद्यार्थी एकत्र बसून त्यांनी ते केले होते, आणि त्या समितीत रग्बी शाळेचीही मंडळी होती. त्यांच्या नियमांत बॉल अंगाच्या कुठल्याही भागाने अडवता येत होता, पण हाताने धरता येत नव्हता. धडक चालेल, पण धरणं, हाताने ढकलणं, पाय घालणं आणि नडगीवर मारणं बंद. लंडनच्या मंडळींतल्या ज्यांना लाथा नको होत्या, त्यांना आयतंच पाठबळ मिळालं. शाळेत सवयीने लाथा खाल्लेली माणसंसुद्धा विद्यापीठात आल्यावर त्या सोडायला तयार होतात, हे त्यातून दिसत होतं.

निर्णायक बैठक १ डिसेंबरची. मॉर्लीने मांडलेला मुद्दा मला अजूनही कौतुकाचा वाटतो. तो म्हणाला, हॅकिंग कागदावर जेवढं भयंकर दिसतं तेवढं प्रत्यक्षात नाही असं माझं मत आहे. पण ते ठेवलं तर जाणत्या वयाचा कुणी फुटबॉल खेळणार नाही आणि खेळ फक्त शाळकरी पोरांच्या हाती राहील. दयामाया किंवा सभ्यता असले शब्द त्याने काढलेच नाहीत. सोमवारी सकाळी कचेरीत लंगडत जाणं परवडणारा माणूस कोण, एवढाच त्याचा हिशेब होता. वकील, कारकून, व्यापारी हे त्याचे खेळाडू होते.

कॅम्बेल चिडले. त्यांचं म्हणणं, हॅकिंगला विरोध करणाऱ्यांना मर्दानी खेळापेक्षा चिलीम आणि दारूचा पेला जास्त प्रिय आहे. पेंबरनी सांगितलं की परवाच मी पंधरा जणांचा संघ घेऊन सामन्याला गेलो होतो, त्यात मोठ्या शाळेत न शिकलेला मी एकटाच, आणि आम्ही सगळेच हॅकिंगच्या विरोधात होतो. त्यावर कॅम्बेलचं ते प्रसिद्ध वाक्य आलं: हॅकिंग काढलंत तर खेळातली सगळी हिंमत जाईल, आणि मग मी काही फ्रेंच माणसं घेऊन येईन, जी आठवडाभराच्या सरावावर तुम्हाला हरवतील. त्या काळच्या इंग्रजाच्या तोंडी याहून मोठा अपमान नाही. शाळांचं मत घेता यावं म्हणून सुट्टी लागेपर्यंत बैठक तहकूब करावी, अशीही सूचना कॅम्बेलनी केली. मतं पडली १३ विरुद्ध ४, कॅम्बेलच्या विरोधात. धावण्याचं आणि हॅकिंगचं, दोन्ही कलमं निघाली. ८ डिसेंबरला उरलेली तेरा कलमं मंजूर झाली आणि कॅम्बेलनी ब्लॅकहीथचं नाव काढून घेतलं.

आता माझ्या त्या कागदाकडे येऊ. मंजूर झालेल्या तेरा नियमांत मैदान जास्तीत जास्त २०० यार्ड लांब आणि १०० यार्ड रुंद. गोलाचे दोन खांब ८ यार्ड अंतरावर, हे अंतर आजही तेच आहे. पण वर आडवी पट्टी नाही, दोरीसुद्धा नाही. खांबांच्या मधून कितीही उंचावरून बॉल गेला तरी गोल. संघात किती माणसं, खेळ किती वेळ, पंच कोण, गोलरक्षक कोण, यावर एक अक्षर नाही.

सहावा नियम ऑफसाइडचा. आपल्याच माणसाने बॉल मारला त्या क्षणी जो कुणी प्रतिपक्षाच्या गोलरेषेच्या जास्त जवळ असेल तो खेळाबाहेर. त्याने बॉलला हात-पाय लावायचा नाही की कुणाला अडवायचं नाही. अपवाद एकच, बॉल गोलरेषेच्या मागून मारला असेल तर. म्हणजे पुढे पास देण्याची सोयच नाही. बॉल पायाने ढकलत न्यायचा आणि बाकीच्यांनी मागून झुंडीने यायचं, बॉल सुटला तर मागून येणाऱ्याने तो पायाने ताब्यात घ्यायचा. रग्बीचा ऑफसाइड आजही मुळात असाच आहे, बॉलच्या पुढे उभा असलेला खेळाडू बाद. १८६३ मध्ये या बाबतीत दोन्ही खेळ एकाच घराण्यातले होते.

सातवा नियम तर पाहण्यासारखा आहे. बॉल प्रतिपक्षाच्या गोलरेषेच्या मागे गेला आणि चढाई करणाऱ्याने त्याला आधी हात लावला, तर त्याला रेषेपासून १५ यार्ड बाहेरून गोलवर फ्री किक मिळते. रग्बीची माहिती असलेल्याला लगेच ओळख पटेल, हा ‘ट्राय’ आहे. रग्बीत मुळात रेषेपलीकडे बॉल टेकवण्याला गुणच नव्हते, त्याने फक्त गोलवर किक मारून पाहण्याची, म्हणजे ‘ट्राय’ करण्याची संधी मिळायची. नावही तिथूनच आलं. फुटबॉलच्या पहिल्या कायद्यात ही सख्खी खूण आहे.

फरक नेमका कुठे, ते एकाच प्रसंगावर लावून बघू. प्रतिपक्षाने बॉल उंच मारला आहे, तुम्ही मैदानाच्या मध्यावर उभे आहात, बॉल सरळ तुमच्याकडे येतोय आणि तुम्ही तो दोन्ही हातांनी झेललात. पुढे काय?

१८४५ च्या रग्बी शाळेत तुम्ही बॉल कवटाळून पळू शकता, नडग्या सांभाळा. शेफिल्डला झेल मान्य आहे आणि त्याबद्दल फ्री किक आहे, पळणं नाही. केंब्रिजच्या १८६३ च्या नियमांत बॉल हातात धरणंच चुकीचं. २४ नोव्हेंबरच्या लंडनच्या मसुद्यात तुमच्यासमोर दोन वाटा आहेत: टाचेने खूण करून फ्री किक घ्या, नाहीतर पळा आणि जे वाट्याला येईल ते सोसा. आणि ८ डिसेंबरच्या मंजूर नियमांत? आठवं कलम सांगतं की थेट झेल घेतलात तर ताबडतोब जमिनीवर टाचेने खूण करा, फ्री किक तुमची. नववं सांगतं, बॉल घेऊन धावायचं नाही. अकरावं सांगतं, हाताने फेकायचा किंवा हाताने पास करायचा नाही. बारावं सांगतं, खेळ चालू असताना जमिनीवरून हाताने उचलायचा नाही.

म्हणजे फुटबॉलच्या पहिल्या कायद्यात हाताने बॉल झेलणं पूर्ण कायदेशीर होतं. ‘हात लावला म्हणून रग्बी, पायाने मारला म्हणून फुटबॉल’ ही विभागणी त्या रात्री झालेली नाही. त्या रात्री झेलणाऱ्याच्या दोन वाटांपैकी एक बंद झाली, एवढंच. कुणी तुम्हाला फुटबॉल-रग्बीची फाळणी हातावरून झाली असं सांगू लागलं की त्याला १८६३ चं आठवं कलम विचारा. ते माहीत नसेल तर त्याने नियम वाचलेले नाहीत, नियमांबद्दल वाचलं आहे.

त्या वेळी ही फाळणी आहे असं कुणाला वाटलंही नसावं. १८६३ मध्ये ‘रग्बी’ नावाची संघटना अस्तित्वात नव्हती. एक क्लब रागावून निघून गेला होता, बस. असोसिएशनचाही दबदबा नव्हता. या नियमांनी पहिला सामना १९ डिसेंबरला बार्न्स आणि रिचमंड यांच्यात झाला, एकही गोल झाला नाही, आणि पुढे रिचमंड रग्बीच्या बाजूला गेला. १८६७ पर्यंत असोसिएशनची अवस्था इतकी रोडावली होती की ती गुंडाळायची का, यावर चर्चा झाली. तिला तगवण्यात शेफिल्डचा मोठा वाटा आहे. तिथे खेळाची खरी वस्ती होती, पण त्यांचे नियम वेगळे होते. दोघांचा एकच कायदा व्हायला १८७७ उजाडलं.

१८७० च्या हिवाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रात एका डॉक्टरचं निनावी पत्र छापून आलं. रग्बी शाळेत हॅकिंगमुळे मुलांना होणाऱ्या दुखापतींबद्दल ते होतं. त्यावर गदारोळ झाला. रग्बी पद्धतीने खेळणाऱ्या क्लबांनाही एव्हाना एकसारखे नियम नसल्याचा जाच होतच होता. रिचमंड आणि ब्लॅकहीथच्या सचिवांनी पत्र काढून सगळ्यांना बोलावलं, आणि २६ जानेवारी १८७१ ला लंडनच्या पॉल मॉल रेस्टॉरंटमध्ये २१ क्लब जमले. रग्बी फुटबॉल युनियन तिथे स्थापन झाली. नियम लिहायचं काम रग्बी शाळेत शिकलेल्या तीन वकिलांकडे आलं. त्यांच्यापैकी मेटन यांचा खेळताना पाय मोडला होता आणि घरी पडून राहणं भाग होतं, म्हणून मसुद्याचं बहुतेक काम त्यांच्याच गळ्यात पडलं. पाय मोडलेल्या माणसाने लिहिलेल्या त्या ५९ नियमांतला सत्तावन्नावा नियम सांगतो: हॅकिंग आणि पाय घालून पाडणं कुठल्याही परिस्थितीत चालणार नाही. अठ्ठावन्नावा बुटाचे खिळे, लोखंडी पट्ट्या आणि गटापर्चा नावाचा रबरासारखा कडक पदार्थ यांना मनाई करतो, आणि ते जवळजवळ शब्दशः फुटबॉलच्या तेराव्या कलमातलं आहे.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी कॅम्बेल उठून गेले, ती गोष्ट त्यांच्या स्वतःच्या बाजूने आठ वर्षांत टाकून दिली. ब्लॅकहीथच्या सचिवाची सही असलेल्या पत्राने बोलावलेल्या सभेतून. मग दोन्ही खेळ पुन्हा एक का झाले नाहीत? कारण मघाचा सौदा आठवा. बॉल घेऊन धावण्याची परवानगी ठेवायची तर धावणाराला थांबवायचं काहीतरी हवं, पण ते काहीतरी लाथच असायला हवं असं नाही. धरून खाली पाडणं पुरेसं आहे. रग्बीने लाथ टाकली, पकड ठेवली, आणि नववं कलम जिवंत राहिलं. फुटबॉलने १८६३ मध्ये दहावं कलम नको म्हणून नववंही टाकलं होतं, आणि पकडही. कॅम्बेल आणि मॉर्ली दोघंही हॅकिंगवर भांडत राहिले, पण दोन खेळांना वेगळं ठेवणारी भिंत त्याच्या शेजारी उभी होती.

शिवाय मधल्या आठ वर्षांत फुटबॉलही जागेवर थांबला नव्हता. १८६६ मध्ये ऑफसाइड सैल झाला: बॉलच्या पुढे उभं राहता येईल, पण पुढे प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू हवेत. एका झटक्यात पुढे पास देणं कायदेशीर झालं, आणि झुंडीने ढकलायचा खेळ हळूहळू पासिंगचा होऊ लागला. त्याच वर्षी खांबांवर ८ फुटांवर दोरी आली, त्याने गोलाला छत मिळालं. झेलून खूण करायची पद्धतही तेव्हाच रद्द झाली. १८७० मध्ये हात लावण्याची उरलीसुरली मुभा गेली आणि १८७१ मध्ये एकट्या गोलरक्षकाला ती परत मिळाली. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त धक्का याचाच बसतो: गोलरक्षक हा जुन्या खेळाचा अवशेष आहे, आधी सगळ्यांना जे करता यायचं त्यातलं थोडंसं एकाकडे शिल्लक राहिलं. १८७२ मध्ये कॉर्नर किक शेफिल्डकडून आली. ज्या रेषेमागे बॉल आधी टेकवला तर फ्री किक मिळायची, त्या ट्रायसारख्या सातव्या कलमाची जागा आता पूर्णपणे वेगळ्या गोष्टीने घेतली होती.

तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर द्यायचं तर तंटा लाथेवर झाला, निकाल धावण्यावर लागला, आणि हात नंतरच्या सात-आठ वर्षांत थोडा थोडा करत गेला. एलिसचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता एक गंमत करा. रग्बीचा एखादा सामना टीव्हीवर लागला तर बचाव करणाऱ्या संघाच्या २२ मीटरच्या रेषेमागे लक्ष ठेवा. प्रतिपक्षाने उंच किक मारली आणि तिथे कुणी ती थेट हातात झेलली की तो ‘मार्क!’ असं ओरडतो. पंच शिट्टी मारतो, खेळ थांबतो आणि त्याला फ्री किक मिळते. त्या शिट्टीच्या क्षणी तिथे फुटबॉल असोसिएशनचं १८६३ चं आठवं कलम लागू झालेलं असतं, फक्त टाचेच्या जागी आवाज आला आहे.